पित्ताची गोळी उपाशीपोटी, एन्झाइमची कॅप्सूल घासासोबत

माझे मिस्टर ४३ वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी सीटी स्कॅनमध्ये स्वादुपिंडात खडे दिसले आणि डॉक्टरांनी क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज असल्याचं सांगितलं. वजन ६४ किलोवरून ५२ वर आलंय. संडासला तेलकट, चिकट होतं, पाणी टाकलं तरी भांड्याला लागून राहतं. शौचाची इलॅस्टेज तपासणी ६२ आली. २५,००० ची एन्झाइमची कॅप्सूल दिवसातून तीनदा आणि सकाळी एक पित्ताची गोळी चालू आहे. तीन महिने झाले, काडीचा फरक नाही. औषध नीट लागू पडावं म्हणून मी कॅप्सूल जेवणाआधी तासभर, उपाशीपोटी देते. सकाळची तर पित्ताच्या गोळीबरोबरच. तेल-तूप पूर्ण बंद केलंय. यांना पित्ताचा त्रास कधीच नव्हता, मग ती गोळी कशाला? आणि स्वादुपिंडाला कामाला लावणारे हार्मोन्स असतात असं वाचनात आलं. ते इंजेक्शनने देता येणार नाहीत का?
– एक भगिनी, सांगली जिल्हा

ताई, आज रात्रीच्या जेवणापासून एक बदल करा. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर द्या, आधी नको. पित्ताची गोळी मात्र तुम्ही देताय तशीच, सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी चालू ठेवा. दोन्ही औषधं एकाच वेळी दिल्यामुळे एक बरोबर पडतंय आणि दुसरं वाया जातंय. तीन महिन्यांत फरक न पडण्याचं सगळ्यात मोठं कारण बहुधा हेच आहे. डोसही कमी वाटतो, त्याकडे पुढे येऊ. आधी हार्मोन्सचा प्रश्न घेऊ, कारण कॅप्सूलची वेळ का चुकते आणि पित्ताची गोळी कशासाठी, या दोन्हींची उत्तरं त्यातच आहेत.

स्वादुपिंडात दोन वेगळी खाती आहेत. इन्सुलिन करणाऱ्या पेशी ग्रंथीच्या जेमतेम एक-दोन टक्के असतात. बाकी जवळजवळ सगळी ग्रंथी पाचकरस करण्यात गुंतलेली असते. हा रस दिवसाला एक ते दीड लिटर निघतो आणि नळीवाटे लहान आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागात, म्हणजे ड्युओडेनममध्ये येऊन पडतो. त्या रसातही दोन गोष्टी असतात आणि त्या दोन वेगवेगळ्या पेशी तयार करतात. द्राक्षाच्या घडासारख्या गुच्छांतल्या पेशी एन्झाइम्स करतात: पिष्ट फोडणारं अमायलेज, प्रथिनं फोडणारं ट्रिप्सिन आणि त्याची भावंडं, चरबी फोडणारं लायपेज. त्या गुच्छांतून निघणाऱ्या बारीक नळ्यांच्या अस्तरातल्या पेशी पाणी आणि बायकार्बोनेट सोडतात. बायकार्बोनेट म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातल्या खायच्या सोड्यातला आम्ल मारणारा भाग.

हे सगळं चोवीस तास सारख्या वेगाने वाहत नाही. अन्न आलं की वाहतं, आणि ते आल्याची खबर ग्रंथीपर्यंत कशी पोचते हे १९०२ पर्यंत नीट माहीत नव्हतं. ती खबर नसांवाटेच जाते असा तेव्हा समज होता. १६ जानेवारी १९०२ रोजी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बेलिस आणि स्टार्लिंग या दोन शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा घेतला. त्याच्या सगळ्या नसा कापल्या, फक्त रक्तवाहिन्या जोडलेल्या ठेवल्या आणि त्यात पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं. नस एकही शिल्लक नव्हती, तरी थोड्या वेळात स्वादुपिंडाच्या नळीतून रसाचे थेंब पडू लागले. मग त्यांनी आतड्याचं आतलं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्लाबरोबर घोटलं, गाळलं आणि तो अर्क शिरेत टोचला. थेंब पुन्हा पडायला लागले. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. त्या अर्कातल्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन नाव दिलं. ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरात आणला, तो याच कामाच्या ओघात.

सिक्रेटिन काय करतं ते तुमच्या रात्रीच्या जेवणावर पाहू. साडेआठला ताट वाढलं: भाकरी, वांग्याची भाजी, आमटी, भात. जठरात हे अन्न आम्लात घुसळलं जातं आणि थोडंथोडं करून ड्युओडेनममध्ये सोडलं जातं. तिथली आम्लता एका मर्यादेच्या पलीकडे गेली, म्हणजे पीएच ४.५ च्या खाली आला, की आतड्याच्या अस्तरातल्या काही पेशी सिक्रेटिन रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाच्या नळ्यांपर्यंत पोचतं आणि तिथून बायकार्बोनेटचं पाणी सुटतं. उपाशी असताना त्या रसात लिटरमागे २५-३० एककं बायकार्बोनेट असतं, तर जोर लागल्यावर ते १२० च्याही पुढे जातं. आम्ल मारलं गेलं, पीएच वर आला, की सिक्रेटिन सुटायचं थांबतं. जेवढं आम्ल येईल तेवढाच सोडा ओतला जातो. त्यामुळे ड्युओडेनममधलं वातावरण एन्झाइम्सना मानवेल असं राहतं.

दुसरा निरोप्या सीसीके, लांब नाव कोलेसिस्टोकायनिन. आतड्यात चरबीची आम्लं आणि प्रथिनांचे तुकडे पोचले की शेजारच्याच दुसऱ्या पेशी ते सोडतात. सीसीके दोन ठिकाणी हलवाहलव करतं: स्वादुपिंडाच्या गुच्छांतून एन्झाइम्स बाहेर काढतं आणि पित्ताशय आवळून यकृताचा पित्तरस आतड्यात ओततं. माणसात पहिलं काम ते बरंचसं व्हेगस नावाच्या नसेमार्फत करून घेतं, म्हणजे नसांचा वाटा अगदीच नाही असं नाही. सिक्रेटिन आणि सीसीके एकत्र आले की रस दोघांच्या बेरजेपेक्षा जास्त सुटतो. पूर्ण जेवणावर रस भरभरून येतो आणि नुसत्या लिंबूपाण्यावर येत नाही, याचं कारण हे.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मिस्टरांच्या बाबतीत निरोप देणाऱ्या पेशी आतड्यात आहेत आणि आतडं शाबूत आहे. बिघाड निरोप घेणाऱ्या ग्रंथीत आहे. वर्षानुवर्षांच्या सुजेने गुच्छांच्या जागी व्रणाचे तंतू झालेत आणि नळीत खडे अडकलेत. जिथे पेशीच उरल्या नाहीत तिथे सिक्रेटिनचं इंजेक्शन देऊन काही वाहणार नाही. हे इंजेक्शन खरंच असतं, पण ते तपासणीसाठी. सिक्रेटिन टोचून ड्युओडेनममधला रस नळीने गोळा करतात आणि त्यातलं बायकार्बोनेट मोजतात. सगळ्यात जास्त आकडासुद्धा लिटरमागे ८० च्या खाली राहिला तर ग्रंथी थकली असं धरतात. उपचार म्हणून त्याचा उपयोग नाही, तेव्हा कोणी विकत असेल तर घेऊ नका.

यात एक बारीक गोष्ट मात्र आहे. सीसीके अखंड तेलाच्या थेंबाने सुटत नाही, त्या तेलाचे लायपेजने तुकडे झाल्यावर सुटतं. लायपेज नाही म्हणून तुकडे नाहीत, तुकडे नाहीत म्हणून निरोप कमकुवत, आणि निरोप कमकुवत म्हणून पित्ताशयही नीट रिकामं होत नाही, असं एक चक्र या आजारात चालू असतं. ते तोडायचा मार्ग इंजेक्शन नाही, अन्नाबरोबर लायपेज पोचवणं हा आहे. कॅप्सूल नीट लागू पडली की हा निरोपही थोडाफार सुधारतो.

शौच तेलकट का होते आणि बाकी पचन त्या मानाने बरं का चालतं, तेही यातूनच कळतं. पिष्ट फोडायला लाळेतही एन्झाइम असतं, प्रथिनांचं काम जठरात सुरू झालेलं असतं. चरबीसाठी मात्र जवळजवळ सगळी भिस्त स्वादुपिंडाच्या लायपेजवर असते आणि ते फार नाजूक आहे. पीएच ४ च्या खाली गेला की ते कायमचं निकामी होतं, नंतर सोडा ओतून परत येत नाही. आतड्यातून पुढे जाता जाता बाकीची एन्झाइम्स त्यालाच आधी तोडून टाकतात. निसर्गाने साठा मात्र भरपूर दिलाय. लायपेज नेहमीच्या दहा टक्क्यांच्या खाली येईपर्यंत शौचात तेल दिसत नाही. म्हणजे तुमच्या घरी तेल दिसू लागलं तेव्हा नव्वद टक्के काम आधीच बंद पडलेलं होतं. तपासणीतलं इलॅस्टेज हेही स्वादुपिंडाचंच एन्झाइम. तुमचा ६२ हा आकडा त्याच्याशी जुळतो: एक ग्रॅम शौचात २०० मायक्रोग्रॅमच्या खाली कमतरता आणि १०० च्या खाली गंभीर कमतरता मानतात. नमुना पाण्यासारखा पातळ असेल तर आकडा खोटा कमी येतो, पण तुम्ही वर्णन करताय तशा चिकट नमुन्यात ती शंका राहत नाही.

आता कॅप्सूल उघडून पाहा, एकच, समजण्यापुरती. आत पावडर नसते, एक-दोन मिलिमीटरचे गोल दाणे असतात, साबुदाण्यापेक्षा बारीक. प्रत्येक दाण्यावर एक लेप असतो. तो आम्लात विरघळत नाही, साधारण पीएच ५.५ च्या वर विरघळतो. बेत असा की बाहेरचं कवच जठरात फुटावं, दाणे अन्नात कालवले जावेत, लेपामुळे आतलं लायपेज आम्लातून वाचावं आणि अन्नाबरोबरच ड्युओडेनममध्ये उतरून तिथे उघडावं. दाणे इतके बारीक ठेवतात ते त्यांनी अन्नाच्या पातळ लगद्याबरोबर जठराबाहेर पडावं म्हणूनच.

तुम्ही तासभर आधी देता तेव्हा जठर रिकामं असतं. कालवायला अन्न नाही, म्हणून दाणे एकटेच पुढे निघून जातात. भाकरी-भाजी खाली उतरेपर्यंत ते आतड्यात कुठल्याकुठे गेलेले असतात आणि त्यातलं लायपेज एव्हाना संपलेलं असतं. निरोगी ग्रंथी निरोप आल्यावर रस सोडते, कॅप्सूलला निरोप कळत नाही. तिची वेळ तुम्हालाच ताटावरून ठरवावी लागते. म्हणून पहिल्या घासाबरोबर एक, आणि दोन असतील तर दुसरी जेवणाच्या मध्यावर. जेवण लांबलं, गप्पा झाल्या, पाऊण तास गेला, तर दुसरी मध्यावर देणं आणखी महत्त्वाचं. जेवून उठल्यावर आठवण झाली तर लगेच दिलेली चालते, तासाभराने दिलेली नाही.

पित्ताच्या गोळीचं कोडंही आता सुटेल. स्वादुपिंडाने एन्झाइम्स गमावली तशी बायकार्बोनेट सोडण्याची ताकदही गमावली. सिक्रेटिनने कितीही निरोप धाडले तरी सोडा पुरेसा येत नाही, म्हणून जेवणानंतर ड्युओडेनम आम्लच राहतं. तिथे तीन गोष्टी बिघडतात. दाण्यांवरचा लेप वेळेवर विरघळत नाही, ते बंदच पुढे जातात आणि फार खाली उघडतात. जे लायपेज उघडं पडतं ते आम्लात मरतं. आणि पित्तरसातली आम्लं साक्यासारखी तळाशी बसतात, त्यामुळे तेल पाण्यात नीट मिसळत नाही. सोडा वाढवता येत नाही तेव्हा उरतो एकच उपाय, जठरातून येणारं आम्लच कमी करणं. ती गोळी जळजळीसाठी नाही, कॅप्सूलला उघडण्याजोगी जागा मिळावी यासाठी आहे. प्रत्येक रुग्णाला ती लागतेच असं नाही, पण कॅप्सूल पुरेशी देऊनही तेल दिसत राहिलं तर ती जोडतात. ही गोळी आम्ल सोडणारे पंप बंद करते आणि जेवणाने ते चालू होण्याआधी ती रक्तात असावी लागते. म्हणून तिची वेळ नाश्त्याच्या अर्धा तास आधी. ‘यांना पित्त नाही’ म्हणून ती मधेच बंद करू नका.

डोस. मोठ्या माणसाला दोन मुख्य जेवणांना प्रत्येकी ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेजने सुरुवात करावी आणि मधल्या खाण्याला त्याच्या निम्मं द्यावं, असा सर्वसाधारण शिरस्ता आहे. तुमच्याकडे जेवणाला २५,००० जातात, म्हणजे वेळ बरोबर असती तरी अर्धेच. पुढच्या भेटीत डॉक्टरांना हे सरळ विचारा. तुमच्या घरच्या दिवसाचा हिशेब साधारण असा बसेल: सकाळी पोहे किंवा उपमा, एक कॅप्सूल, दुपारच्या जेवणाला दोन, संध्याकाळी शेंगदाण्याची चिक्की किंवा दुधाचा पेला, एक, रात्रीच्या जेवणाला दोन. एकूण सहा, म्हणजे दीड लाख युनिट. आकडा ऐकून घाबरू नका. वजनाच्या किलोमागे दिवसाला १०,००० युनिट ही जी वरची मर्यादा सांगतात, ती ५२ किलोला पाच लाख वीस हजार होते. तुम्ही तिच्या तिसऱ्या हिश्श्याच्याही आत असाल. तरी डोस स्वतःहून वाढवू नका, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच वाढू द्या.

काळा चहा, नुसतं फळ, सरबत यांना कॅप्सूल लागत नाही. थोड्या दुधाच्या चहालाही नाही. त्याबरोबर दोन खारी किंवा चार बिस्किटं आली की लागते, कारण त्यात डालडा-लोणी असतं.

तेल बंद केल्याचा मुद्दा मला खरंच काळजीचा वाटतो. तेलाच्या एका ग्रॅममध्ये ९ कॅलरी, पिठाच्या ग्रॅममध्ये ४. बारा किलो वजन गेलेल्या माणसाच्या ताटातून सगळ्यात जास्त बळ देणारी गोष्ट काढून घेतली तर वजन परत कुठून येणार? शिवाय तेल बंद करूनही शौच तेलकट आहे, याचा अर्थ चरबी पोटात जातेच आहे. आपल्याकडच्या स्वयंपाकात ती कुठे लपते ते पाहा: भाजीतलं दाण्याचं कूट, चटणीतलं खोबरं, तीळ, सायीचं दही. शेंगदाण्यात जवळजवळ अर्धं तेलच असतं. मूठभर कूट घातलेल्या वांग्यात वरून तेल न टाकता तुम्ही तीन-चार चमचे तेल घालत असता. तेव्हा कूटही बंद करा असं म्हणत नाही. उलट घरात सगळ्यांसाठी जो स्वयंपाक होतो तोच त्यांना द्या, पोळीला तूप लावा, फक्त तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी करा. एका वेळी जठरातून कमी चरबी उतरली तर तेवढ्या लायपेजला ती झेपते. टाळायचं ते तळलेलं भरपूर एकाच बैठकीला खाणं. आणि वजन वाढावं म्हणून किंवा ‘पोट साफ’ होण्यासाठी कोंडा, इसबगोल असं काही वेगळं सुरू केलं असेल तर ते थांबवा. फार जास्त तंतू एन्झाइमचं काम मंदावतात.

कॅप्सूल चावायची नाही, दाणे चुरडायचे नाहीत. लेप गेला की लायपेज जठरातच संपतं, आणि दाणे तोंडात राहिले तर हिरड्या-गालफडांना फोड येतात. गिळायला त्रास होत असेल तर कॅप्सूल उघडून दाणे चमचाभर शिजवलेल्या सफरचंदाच्या गरात किंवा तशाच किंचित आंबट, गार, मऊ फळाच्या गरात मिसळा, लगेच गिळू द्या आणि वर पाणी द्या. गरम भातात, आमटीत किंवा दुधात मिसळून ठेवायचं नाही: उष्णतेने एन्झाइम मरतं आणि आंबट नसलेल्या पदार्थात लेप बाहेरच विरघळायला लागतो. हीच गोष्ट साठवणीची. बहुतेक कंपन्या २५ अंशांच्या आत ठेवायला सांगतात. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे घरातलं तापमान त्याच्या खूप वर असतं. गॅसशेजारच्या फळीवर, मोटरसायकलच्या डिकीत किंवा उन्हात उभ्या गाडीत डबी राहिली तर औषध दिसायला तसंच राहतं, ताकद मात्र उतरते. घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, कपाटात, झाकण घट्ट लावून ठेवा. कामावर नेताना दिवसापुरत्या चार कॅप्सूल जेवणाच्या डब्यात नको, वेगळ्या छोट्या डबीत खिशाबाहेर, सावलीत. गरम पोळ्यांच्या डब्यात ठेवलेली कॅप्सूल दुपारपर्यंत शिजून निघते.

फरक कशावरून ओळखायचा? आधी संडासवरून. वेळ आणि डोस बरोबर बसला तर थोड्याच दिवसांत तेलाचा तवंग आणि भांड्याला चिकटणं कमी व्हायला लागतं, वासही उतरतो. पोटातली गुडगुड आणि गॅस त्याच्या मागोमाग. वजन नंतर. आठवड्यातून एकदा, एकाच काट्यावर, सकाळी नाश्त्याआधी घ्या. इलॅस्टेज तपासणी पुन्हा करून औषध लागू पडलं का ते कळणार नाही: ती तपासणी माणसाचं इलॅस्टेज मोजते, कॅप्सूलमधलं तिला दिसतच नाही. आकडा पुन्हा ६० च आला तर औषध फुकट गेलं असं समजू नका, आणि त्यावर पैसेही घालू नका. कॅप्सूलने पोटदुखी जाईलच अशीही अपेक्षा धरू नका. दुखण्याचा इलाज वेगळा असतो. तंबाखू किंवा दारू असेल तर ती पूर्ण सोडणं त्याच इलाजाचा भाग आहे.

कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर, पुरेशा डोसमध्ये आणि पित्ताच्या गोळीसकट चार-सहा आठवडे देऊनही शौच तेलकटच राहिली तर कॅप्सूल वाढवत बसण्यापेक्षा दुसरं कारण शोधायला हवं. या आजारात लहान आतड्यात जंतूंची वाढ होणं बऱ्याचदा आढळतं, जियार्डियासारखे परजीवी असू शकतात, गव्हाची अॅलर्जी म्हणतात तो सीलिअॅक आजारही बघावा लागतो. तेव्हा पोटाच्या तज्ज्ञाकडे हा मुद्दा काढा.

दोन तपासण्या पुढच्या भेटीत मागून घ्या. चरबीबरोबर शरीरात शिरणारी ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं तेलाबरोबरच वाहून जात असणार. डी चं प्रमाण रक्तात मोजता येतं. रात्री कमी दिसणं, हाडं दुखणं, हिरड्यांतून किंवा जखमेतून रक्त लवकर न थांबणं असं काही असेल तर आवर्जून सांगा. आणि साखर: उपाशीपोटीची आणि एचबीए१सी. इन्सुलिनच्या पेशी त्याच व्रणात अडकतात, आणि कॅप्सूल नीट लागू पडून अन्न अंगी लागायला लागलं की आधी झाकलेली साखर वर येऊ शकते. मधुमेह निघाला तर डॉक्टरांना हे मुद्दाम सांगा की साखर स्वादुपिंडाच्या आजारामुळे आहे. या रुग्णांत साखर वर नेणारं ग्लुकॅगॉनही कमी पडतं, म्हणून इन्सुलिन जास्त झालं तर साखर झपकन खाली येते.

शेवटी एक गोष्ट, तुम्ही विचारलेली नाही पण पुढेमागे डबीवर वाचाल. ही एन्झाइम्स डुकराच्या स्वादुपिंडातून काढतात. घरात यामुळे अडचण असेल तर गुपचूप बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. बुरशीपासून केलेलं डायस्टेज असलेली पाचक सिरपं आणि गोळ्या औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात, पण त्यांचा मुख्य भर पिष्ट पचवण्यावर असतो. मिस्टरांना कमी पडतंय ते लायपेज, आणि त्याची भर त्या सिरपांनी निघणार नाही.

कावीळ दिसली, पोटदुखी अचानक वाढून पाठीत जायला लागली, किंवा कॅप्सूल नीट चालू असतानाही वजन उतरतच राहिलं, तर ठरलेल्या तारखेची वाट न पाहता दाखवा. बाकी एक छोटी वही करा: कॅप्सूल कोणत्या घासाला दिली, त्या जेवणात काय होतं आणि दुसऱ्या दिवशी संडास कसं झालं. पंधरा दिवसांची ही नोंद समोर ठेवली की डॉक्टरांना डोस ठरवणं सोपं जातं.